शेवटचा नऊ कुठून आला?

बारावीच्या प्रॅक्टिकलची जर्नलं तपासायला घेतली की एक पान दरवर्षी हमखास भेटतं. प्रयोग असतो मीटर ब्रिजवर तारेची रोधकता काढण्याचा. वर सुबक आकृती, खाली निरीक्षणांचा तक्ता, आणि अगदी तळाशी पट्टीनं आखलेल्या चौकटीत उत्तर: ०.००००००४७३४५३८५२९ ओहम मीटर. चौकट इतकी नीटनेटकी असते, की चूक दाखवताना आपल्यालाच वाईट वाटावं.

यंदा ज्या मुलीचं हे पान होतं, तिला मी बोलावून घेतलं.

“अगं, हा शेवटचा नऊ कुठून आणलास?”

“मॅडम, कॅल्क्युलेटरवर आला.”

“आणि तारेची जाडी कशानं मोजली होतीस?”

“स्क्रू गेजनं.”

“स्क्रू गेजवर किती वाचलंस?”

तिनं पान उलटलं. “शून्य पॉइंट तीन सात मिलिमीटर.”

म्हणजे स्क्रू गेजनं तिच्या हातात दोन आकडे ठेवले होते, आणि चौकटीत उतरले दहा. मधले आठ ना तारेचे होते, ना तिच्या हाताचे, ना प्रयोगशाळेतल्या कुठल्या उपकरणाचे. भागाकार पुरा होईना, म्हणून यंत्र लिहीत गेलं आणि तिनं ते उतरवून घेतलं. मोजमापातून खरोखर आलेले आकडे कोणते आणि निव्वळ गणितानं चिकटलेले कोणते, हे वेगळं काढण्याच्या रीतीला शाळा-कॉलेजात सार्थ अंक म्हणतात. मुलं त्याला ‘सिग फिग’ म्हणतात आणि दोन मार्कांचा प्रश्न म्हणून पाठ करतात. नियम पाठ असूनही हा नऊ दरवर्षी चौकटीत येऊन बसतो. म्हणून नियम बाजूला ठेवून आधी तिचा प्रयोगच पाहू.

रोधकता म्हणजे एखादा पदार्थ विजेला किती अडवतो त्याचं माप. तार लांब असो की आखूड, जाड असो की बारीक, पदार्थ तोच असेल आणि तापमान तेच असेल तर रोधकता तीच. ती काढायला तीन गोष्टी लागतात: तारेचा रोध, तिची लांबी आणि तिच्या काटछेदाचं क्षेत्रफळ. रोधाला क्षेत्रफळानं गुणायचं आणि लांबीनं भागायचं.

रोध मोजायला मीटर ब्रिज. एका लाकडी फळीवर बरोबर एक मीटर तार ताणलेली असते आणि तिच्याशेजारी मोजपट्टी. डाव्या गॅपमध्ये आपली अनोळखी तार, उजव्या गॅपमध्ये रेझिस्टन्स बॉक्स. ताणलेल्या तारेवर जॉकी टेकवत टेकवत जायचं. एका जागी गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर थांबतो. तिच्या प्रयोगात बॉक्समधून २ ओहम काढले होते आणि काटा ५२.४ सेंटिमीटरवर थांबला. उरलेली बाजू ४७.६. दोन्ही गॅपमधल्या रोधांचं गुणोत्तर या दोन लांबींइतकंच असतं, म्हणून अनोळखी रोध झाला २ गुणिले ५२.४ भागिले ४७.६, म्हणजे २.२० ओहम. तारेची लांबी ५०.० सेंटिमीटर. आणि जाडी, स्क्रू गेजनं, ०.३७ मिलिमीटर.

या स्क्रू गेजपाशी थोडं थांबायला हवं, कारण सगळं प्रकरण तिथेच आहे.

आमच्याकडच्या स्क्रू गेजचा स्क्रू एका पूर्ण फेऱ्यात एक मिलिमीटर पुढे सरकतो. फिरत्या टोपीवर शंभर भाग आखलेले आहेत, त्यामुळे एक भाग म्हणजे ०.०१ मिलिमीटर. यालाच लीस्ट काउंट म्हणायचं. तार जबड्यात धरली, रॅचेट फिरवली, टिक टिक असा आवाज आला की थांबायचं. आता टोपीवरची रेघ पाहायची. ती मुख्य रेघेच्या अगदी समोर क्वचितच येते, बहुधा चाळिसाव्या आणि एकेचाळिसाव्या रेघेच्या मध्ये कुठेतरी असते आणि जी जवळची वाटते ती आपण लिहितो. शेजारी उभ्या असलेल्या मुलाला दुसरी जवळची वाटू शकते. तारही सगळीकडे सारखी जाड नसते, म्हणून पाच ठिकाणी मोजायला सांगतात. तिच्या तक्त्यात ०.४०, ०.४१, ०.४०, ०.३९, ०.४० असे पाच आकडे होते. सरासरी ०.४०.

मग ०.३७ कसे झाले? तार न घालता जबडे मिटवले तेव्हा टोपी शून्यापर्यंत न पोचता तीन भाग अलीकडेच थांबली होती. हा झिरो एरर, ०.०३ मिलिमीटर. तो वजा करायचा.

इथे मुलं एक बारीक चूक करतात. ०.४० ऐवजी ०.४ लिहितात. गणिताच्या तासाला दोन्ही एकच. प्रयोगशाळेत मात्र ०.४० लिहिणारी मुलगी सांगते, की मी शंभराव्या भागापर्यंत पाहिलं आणि तिथे शून्य होतं. ०.४ लिहिणारी सांगते, की त्यापुढे मी पाहिलंच नाही. शेवटचं ते शून्य ही नोंद आहे, म्हणून ते सार्थ. याउलट दशांश चिन्हाआधीचं शून्य नुसतं जागा भरायला आलेलं आहे. जाडी मीटरमध्ये लिहिली तर ०.०००३७ होते आणि डावीकडे शून्यांची रांग लागते. म्हणून काही मोजमाप अधिक बारीक झालं नाही. तार तीच, स्क्रू गेज तोच, आकडे दोनच: तीन आणि सात.

डावीकडची शून्यं कधीच मोजायची नाहीत, मधली आणि दशांशानंतर शेवटी लिहिलेली नेहमी मोजायची. एवढ्यावर बरंचसं भागतं. अडतं ते दशांश चिन्ह नसलेल्या संख्येच्या शेवटच्या शून्यांपाशी. तारेची लांबी कुणी ५०० मिलिमीटर लिहिली, तर त्यातलं शेवटचं शून्य पट्टीवर पाहून लिहिलेलं आहे, की ‘साधारण अर्धा मीटर’ म्हणून आलेलं आहे, ते वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. एव्हरेस्टची उंची १८५६ मध्ये २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. त्याबद्दल एक गोष्ट सांगतात, की हिशेब नेमका २९,००० वर आला होता आणि लोकांना तो अंदाजपंचे वाटू नये म्हणून वरचे दोन फूट चढवले. गोष्ट खरी असो नसो, भीती रास्त होती. २९,००० हा आकडा वाचून कुणालाही ‘एकोणतीस हजारांच्या आसपास’ असंच वाटलं असतं.

या अडचणीवर दोन फूट चढवण्यापेक्षा बरा उपाय म्हणजे प्रमाण रूप. संख्या अशी लिहायची, की दशांश चिन्हाआधी शून्य नसलेला एकच आकडा राहील, आणि बाकी सगळा लहानमोठेपणा दहाच्या घातात जाईल. ५०० मिलिमीटरचे झाले ५.०० × १०² मिलिमीटर. आता दोन्ही शून्यं मुद्दाम लिहिलेली आहेत, तेव्हा ती पाहून लिहिलेली आहेत. एकच आकडा खात्रीचा असेल तर ५ × १०² लिहावं. तारेची जाडी ३.७ × १०⁻⁴ मीटर. डावीकडची रांग घातात गेली आणि पुढे उरले ते नेमके सार्थ अंक. दोन कामं दोन जागी वाटली गेली: किती बारकाईनं मोजलं ते पुढच्या आकड्यांत, वस्तू केवढी आहे ते घातात.

सहा शून्यं एकापुढे एक लिहिताना काय होतं ते त्याच गठ्ठ्यात पुढे दिसलं. एका मुलाच्या चौकटीत पाचच शून्यं होती, म्हणजे तार दहापट अडवणारी झाली. दुसऱ्या एकानं प्रमाण रूप वापरायचा प्रयत्न करून ४.७⁻⁷ लिहिलं होतं, मधला ‘× १०’ गाळून. कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर घात बारीक अक्षरात कोपऱ्यात दिसतो, तो तसाच उतरवला की हे होतं. ४.७ चा उणे सातवा घात म्हणजे जवळपास २ × १०⁻⁵. उत्तर चाळीस पटींहून जास्त चुकलं आणि लिहिणाऱ्याला वाटलं, आपण फक्त थोडक्यात लिहिलं.

आता मूळ हिशेब. ०.३७ चा वर्ग, त्याला पाय छेद चारनं गुणून क्षेत्रफळ, मग २.२० ओहमचा रोध, मग अर्ध्या मीटरनं भागाकार. कॅल्क्युलेटर म्हणतो 4.734538529×10⁻⁷. गुणाकार-भागाकाराचा नियम असा, की सगळ्यात कमी सार्थ अंक ज्या मोजमापात, तेवढेच उत्तरात. ५२.४ मध्ये तीन, ४७.६ मध्ये तीन, ५०.० मध्ये तीन, ०.३७ मध्ये दोन. म्हणून उत्तर ४.७ × १०⁻⁷ ओहम मीटर.

“पण मॅडम, बॉक्सचा २ तर एकच आकडा आहे,” ती म्हणाली. प्रश्न चांगला होता, वर्गात हा फारसा कुणी विचारत नाही. रेझिस्टन्स बॉक्सवरचा २ कुणी पट्टी लावून वाचलेला नाही. तो त्या गुंडाळीचा छापील आकडा आहे आणि ती गुंडाळी किती अचूक आहे ते बनवणाऱ्यानं ठरवलेलं असतं, छापताना शून्यं लिहिली की नाहीत यावरून नाही. आपल्या कामापुरता तो या स्क्रू गेजपेक्षा पुष्कळ भरवशाचा. आणि सूत्रातला ४ तर मोजलेलाच नाही, तो नेमका चार आहे. पाय हवा तितक्या आकड्यांपर्यंत घेता येतो. मोजलेल्या संख्याच उत्तराला आवर घालतात.

वजाबाकीचा नियम वेगळा आहे, तोही या पानावरच भेटतो. ०.४० मधून ०.०३ वजा केले. ०.०३ मध्ये सार्थ अंक एकच, तरी उत्तरात दोन राहिले. बेरीज-वजाबाकीत आकडे मोजायचे नसतात, दशांशाची घरं पाहायची असतात. दोन्ही संख्या शंभराव्या भागापर्यंत माहीत आहेत, म्हणून उत्तरही तिथपर्यंत.

नियम लावून झाला, पण मला तिला नियम दाखवायचा नव्हता. मी म्हटलं, “समज, शेजारच्या मुलानं रेघ एक भाग अलीकडे वाचली असती. जाडी ०.३६ घे आणि परत कर.” आलं ४.४८. मग ०.३८ घेऊन केलं. आलं ४.९९. मधलं तिचं ४.७३. टोपीवरची एक रेघ इकडची तिकडे झाली, तर उत्तर साडेचारापासून पाचापर्यंत हलतं. जाडीचा वर्ग होतो, त्यामुळे जाडीतली शेकडा पावणेतीनची शंका उत्तरात जवळपास साडेपाच टक्के होऊन उतरते. म्हणजे ४.७ मधला चार जवळजवळ ठाम, सात आधीच डळमळीत, आणि त्यापुढचा तीन, चार, पाच लिहायला काही आधारच नाही. ती बराच वेळ कॅल्क्युलेटरकडे पाहत राहिली. मग स्वतःच तिनं चौकटीतल्या आठ आकड्यांवर रेघ मारली.

इथे तारेचं नावही अडकतं. ती तार कॉन्स्टंटनची, म्हणजे तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूची होती. कॉन्स्टंटनची रोधकता पुस्तकांतल्या तक्त्यात ४.९ × १०⁻⁷ च्या आसपास मिळते. मँगॅनिन नावाच्या दुसऱ्या मिश्रधातूची, तक्ता कोणता त्यावर, ४.४ पासून ४.८ पर्यंत. रीळावरचं लेबल पुसलेलं असतं, तर साडेचार ते पाच या उत्तरावरून ती तार कोणत्या धातूची हे तिला सांगता आलं नसतं. दहा आकडे लिहूनही नाही.

आमच्या पिढीला ही खोड फारशी लागली नव्हती, आणि त्यात आमचं कर्तृत्व काही नाही. आमच्या हातात लॉग टेबल होतं. त्यात चारच आकडे मिळत, पाचवा मागून मिळणार नाही. शिवाय लॉग घेताना प्रमाण रूप आपोआप व्हायचं. ४.७३४ × १०⁻⁷ चा लॉग ‘बार सेव्हन पॉइंट सहा सात पाच दोन’. बार सेव्हन ही कॅरेक्टरिस्टिक, म्हणजे दहाचा घात. पुढचा मँटिसा, म्हणजे पुढचे आकडे. वस्तू केवढी आणि आकडे कोणते हे टेबलच वेगळं करून देत असे. बोर्डाच्या पेपरात अजूनही कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. मुलं त्यावर चिडतात. मीही विद्यार्थिनी असताना चिडायचे.

सार्थ अंकांच्या नियमाला मर्यादा आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. तो ढोबळ आहे. ९.८ आणि १०.२ या मोजमापांत शंका सारखीच, दहाव्या भागाची, पण एकात दोन सार्थ अंक आणि दुसऱ्यात तीन. नेमकी शंका हवी असेल तर तिची टक्केवारीच काढावी लागते, जशी वर जाडी एक रेघ हलवून पाहिली तशी. दुसरी मर्यादा जास्त महागात पडते. ही मुलगी झिरो एरर वजा करायला विसरली असती, तर जाडी ०.४० आणि रोधकता ५.५ × १०⁻⁷ आली असती. दोन सार्थ अंक, प्रमाण रूप निर्दोष, पूर्ण मार्कांचं दिसणारं उत्तर, आणि चूक. एकाच बाजूला ओढणारी चूक आकड्यांच्या संख्येत दिसत नाही. ती पकडायची तर तार जबड्यात धरण्याआधी जबडे मिटवून पाहावे लागतात.

“मग तिसरा आकडा मिळवायचा असेल तर?” तिनं विचारलं. कॅल्क्युलेटरमधून तो मिळणार नव्हता, मोजण्याची पद्धतच बदलायला हवी होती. माझ्या कपाटात त्याच रीळाचा उरलेला तुकडा होता. तो मी तिला दिला आणि एका पेन्सिलीवर वेढ्याला वेढा चिकटवून चाळीस वेढे घालायला सांगितले. चाळीस वेढ्यांची मिळून रुंदी व्हर्नियर कॅलिपरनं मोजली. या कॅलिपरचा लीस्ट काउंट ०.१ मिलिमीटर, म्हणजे स्क्रू गेजपेक्षा दहापट भरड उपकरण. रुंदी आली १५.१ मिलिमीटर. सार्थ अंक तीन. चाळीस हे मोजमाप नव्हे, मोजणी आहे, एक एक करून मोजलेले चाळीस म्हणजे नेमके चाळीस. त्यामुळे भागाकारानंतरही तीन आकडे टिकले.

१५.१ भागिले ४० म्हणजे ०.३७७५. तिनं लगेच त्याचे ०.३७८ केले आणि हिशेब करून ४.९४ × १०⁻⁷ लिहिलं. मी तिला न छाटता, ०.३७७५ घेऊनच पुन्हा करायला सांगितलं. आलं ४.९३. मध्येच छाटलं की छाटणीचीही एक चूक उत्तरात मिसळते. हिशेब चालू असताना एक-दोन आकडे जास्त बाळगायचे आणि छाटायचं ते अगदी शेवटी, एकदाच. रुंदी १५.० किंवा १५.२ धरली तर उत्तर ४.८६ ते ४.९९. आधीचं साडेचार ते पाच हे अंतर आता चौथ्या हिश्श्यावर आलं, आणि मँगॅनिन मागे पडलं.

तिला आनंद झाला. मी मात्र पेन्सिल उजेडात धरली. अठराव्या आणि एकोणिसाव्या वेढ्याच्या मध्ये केसाएवढी फट दिसत होती. फट राहिली की रुंदी वाढते, जाडी जास्त येते आणि रोधकता वर सरकते. फटींमुळे ती कधीच खाली येत नाही. तिनं वेढे उलगडले, नखानं दाबत दाबत पहिल्यापासून घालायला घेतले, आणि तोवर पुढच्या बॅचची मुलं दारात येऊन उभी राहिली.